ओव्हनमध्ये व्हॅनिलाचं काय होतं?

बेकिंगच्या सामानाच्या दुकानात व्हॅनिलाची एक काळी, सुरकुतलेली शेंग काचेच्या नळीत बंद करून ठेवलेली असते. तिच्या किमतीत व्हॅनिला इसेन्सच्या बऱ्याच बाटल्या येतील. हौसेनं ती शेंग घेऊन लोक घरी येतात, चिरतात, आतला काळा गर साध्या बटर केकच्या पिठात मिसळतात आणि केक खाताना एकमेकांकडे बघतात. चव चांगली लागते, पण नेहमीच्या केकपेक्षा फार वेगळी लागत नाही. मग कोणी म्हणतं, शेंग जुनी होती. कोणी म्हणतं, दुकानदारानं फसवलं. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. शेंग उत्तम होती. ती चुकीच्या पदार्थात गेली, किंवा पदार्थ बरोबर असूनही चुकीच्या वेळी गेली.

शेंग, अर्क आणि इसेन्स यांत चांगलं कोणतं, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या मते तो अर्धाच प्रश्न आहे. तो पदार्थ किती तापणार आहे आणि व्हॅनिला घातल्यानंतर किती वेळ तापणार आहे, हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

व्हॅनिलाचं उष्णतेशी नातं स्वयंपाकघराच्या कितीतरी आधी सुरू होतं. व्हॅनिला ही ऑर्किडच्या कुळातली वेल. ती मूळची मेक्सिकोची. तिथल्या पापान्तला भागातले तोतोनाक लोक तिची मशागत करत आले. वेलीवरच्या हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास येत नाही. आपण ज्याला व्हॅनिलाचा वास म्हणतो तो मुख्यतः व्हॅनिलिन या द्रव्याचा, आणि हिरव्या शेंगेत हे व्हॅनिलिन साखरेच्या रेणूला बांधलेलं, म्हणजे बिनवासाचं असतं. त्याला सोडवणारं एन्झाइम त्याच शेंगेत असतं, पण दोघांची गाठ पडत नाही. ती पडावी म्हणून मादागास्करमध्ये तोडलेल्या शेंगा साधारण ६३ ते ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवतात. त्यानं पेशींच्या भिंती मोडतात आणि शेंगेचं पिकणं थांबतं. पाणी उकळतं ठेवलं तर एन्झाइमच निकामी होईल, म्हणून ते तापमान सांभाळावं लागतं. नंतर शेंगा गरम असतानाच घोंगड्यांत गुंडाळून घाम आणवतात, रोज काही तास उन्हात टाकतात, मग सावलीत सुकवतात आणि शेवटी बंद पेट्यांत मुरवतात. यात कित्येक महिने जातात. तोवर हिरवी शेंग चॉकलेटी-काळी, तेलकट आणि लवचीक झालेली असते आणि पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची जेमतेम किलोभर तयार व्हॅनिला उरते.

याच्या आधीचं काम तर फुलोफुली हातानं करायचं. व्हॅनिलाचं फूल एका सकाळपुरतं उमलतं आणि मेक्सिकोबाहेर त्याचं परागीकरण आपोआप होत नाही. १८४१ मध्ये रेयुनियन बेटावर एदमों आल्ब्युस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडी आणि अंगठा वापरून ते झटपट करण्याची रीत शोधली. आजही मळ्यांत तीच रीत चालते. शेंग महाग का, याचं उत्तर या एका सकाळीत आणि त्यानंतरच्या महिन्यांत आहे.

आता तयार शेंगेकडे जवळून बघू. चांगली शेंग बोटाभोवती गुंडाळली तर मोडत नाही आणि बोटाला किंचित तेलकटपणा लावून जाते. कधी कधी तिच्या अंगावर पांढरी, चकाकणारी, सुईसारखी बारीक स्फटिकं दिसतात. ती बुरशी समजून शेंग फेकून देणारे पुष्कळ आहेत. ते वर आलेलं व्हॅनिलिन असतं आणि ते असणं हे चांगलं लक्षण आहे. बुरशी निस्तेज असते, कापसासारखी फुगलेली असते आणि तिला कुबट वास येतो. उजेडात शेंग फिरवून बघितली की फरक लगेच कळतो. शेंग उभी चिरली की आत खसखशीपेक्षा बारीक काळे दाणे असतात. लोकांना वाटतं सगळा वास या दाण्यांत आहे. खरं तर दाण्यांना स्वतःचा वास फारच थोडा. वास आहे तो त्यांच्याभोवतीच्या चिकट, तेलकट द्रवात आणि शेंगेच्या आतल्या अस्तरात. म्हणून दाणे खरवडून झाल्यावर साल टाकून देणं म्हणजे अर्धा माल फेकणं. आइस्क्रीममध्ये काळे ठिपके दिसले म्हणजे तो शेंगेचाच स्वाद, असंही नाही. अर्क काढून घेतलेल्या शेंगांचे निःसत्त्व दाणे वेगळे विकले जातात आणि ते नुसते दिसण्यासाठी घालता येतात.

मुरलेल्या शेंगेत व्हॅनिलिन सुमारे दीड-दोन टक्के असतं. त्याच्या जोडीला दोनशेहून अधिक गंधद्रव्यं अत्यल्प प्रमाणात असतात. कुठं मनुकांसारखा गोडसर, कुठं लाकडाचा, कुठं धुराचा, कुठं फुलांचा वास त्यांच्यामुळे येतो. शेंग आणि इसेन्स यांच्यातला फरक म्हणजे ही जोडीची मंडळी. ओव्हनमध्ये आधी उडून जातात तीही यांच्यातलीच हलकी मंडळी. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

अर्क म्हणजे शेंगेतलं हे सगळं मद्यार्कात उतरवून घेतलेलं पाणी. अमेरिकेत त्याचं माप कायद्यानं ठरवलेलं आहे: एका गॅलनला १३.३५ औंस शेंगा आणि किमान ३५ टक्के अल्कोहोल. आपल्या मापात लिटरला १०० ग्रॅम शेंगा. शेंगेत दोन टक्के व्हॅनिलिन धरलं तर लिटरभर अर्कात दोन ग्रॅम, म्हणजे ५ मिलीच्या चमचाभर अर्कात १० मिलिग्रॅम व्हॅनिलिन आलं. तीन-चार ग्रॅमच्या एका शेंगेत याच हिशेबानं ६० ते ८० मिलिग्रॅम असतं, पण दुधात किंवा पिठात ते सगळं उतरत नाही. म्हणून स्वयंपाकघरात एका शेंगेऐवजी तीन चमचे अर्क घेण्याची पद्धत आहे. आकडे पाठ करायची गरज नाही. चमचाभर अर्कात व्हॅनिलिन फार थोडं असतं, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

घरी अर्क करायचा असेल तर हेच माप धरावं. १०० मिली व्होडकाला १० ग्रॅम, म्हणजे तीनेक शेंगा. शेंगा उभ्या चिराव्यात, तुकडे करून बाटलीत पूर्ण बुडवाव्यात आणि बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवून अधूनमधून हलवावी. दोन महिन्यांत रंग आणि वास येतो, सहा महिन्यांत तो गोलाई धरतो. एका बाटलीत एकच शेंग टाकून, महिन्याभरात बाटली उघडून ‘अर्क कसा फिकट झाला’ म्हणण्यात अर्थ नाही. तो अर्क झालेलाच नसतो. ज्या घरात मद्यार्क चालत नाही तिथं ग्लिसरीनमध्ये शेंगा मुरवलेला अर्क वापरता येतो. तो गोडसर आणि थोडा मवाळ असतो, कारण ग्लिसरीन अल्कोहोलइतकं सगळं ओढून घेत नाही.

इसेन्सची गोष्ट वेगळी. १८५८ मध्ये गोब्ले या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं व्हॅनिलातून व्हॅनिलिन शुद्ध रूपात वेगळं काढलं आणि १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन शास्त्रज्ञांनी पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांतल्या एका द्रव्यापासून ते तयार केलं. आज जगातलं बहुतेक व्हॅनिलिन कारखान्यात, मुख्यतः खनिज तेलापासून मिळणाऱ्या ग्वायकॉल या रसायनातून बनतं. रेणू मात्र तोच, शेंगेतला. त्यात कमअस्सल काही नाही, फक्त तो एकटा आहे. स्वस्त इसेन्समध्ये याच्या जोडीला एथिल व्हॅनिलिन असतं. ते शेंगेत नसतं, आणि साध्या व्हॅनिलिनच्या दोन ते चार पट तीव्र असतं. आइस्क्रीमच्या दुकानात शिरल्याबरोबर नाकात भरणारा तो गोड, टोकदार वास बऱ्याचदा त्याचा. आपल्याकडच्या बाटलीच्या लेबलावर ‘नेचर आयडेंटिकल’ लिहिलं असेल तर निसर्गात सापडणारा रेणू कारखान्यात बनवला आहे असं समजावं. ‘आर्टिफिशियल’ लिहिलं असेल तर निसर्गात नसलेलं द्रव्यही त्यात आहे. घटकांत फक्त पाणी, प्रॉपिलीन ग्लायकॉल, रंग आणि ‘फ्लेवर’ असेल आणि शेंगेचं नाव कुठंच नसेल, तर बाटलीवर कितीही सुंदर फूल छापलेलं असो, तो इसेन्सच.

आता ओव्हन. आपण काटा १८० वर ठेवतो म्हणून केक १८० अंशांपर्यंत तापतो असं नाही. पिठात पाणी आहे तोवर केकचा मधला भाग शंभराच्या पुढे जात नाही. केक भाजला गेला तेव्हा त्याच्या पोटातलं तापमान ९५ ते ९८ अंश असतं. वरची आणि कडेची साल मात्र कोरडी पडते आणि शंभराच्या बरीच पुढे जाते. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे अर्कातलं बरंचसं अल्कोहोल निघून जातं. त्याच्या आणि पाण्याच्या वाफेबरोबर हलकी गंधद्रव्यं निघतात. केक भाजताना घरभर दरवळणारा वास म्हणजे केकमधून निघून गेलेला स्वाद, हे थोडं वाईट वाटण्यासारखं आहे पण खरं आहे. व्हॅनिलिन मात्र चिवट असतं. त्याचा उत्कलनबिंदू २८५ अंश. थोडं वाफेबरोबर जातं, पण बहुतेक केकमध्ये राहतं. त्यात भर म्हणजे भाजताना लोणी, साखर आणि अंडी यांच्यापासून खमंग, कॅरमलसारखे नवे वास तयार होतात आणि शेंगेच्या उरल्यासुरल्या बारीक छटा त्यांच्याखाली दबतात. म्हणजे शेंग घाला, अर्क घाला की इसेन्स घाला, ओव्हनमधून बाहेर येताना हातात राहतं ते प्रामुख्यानं व्हॅनिलिन. आमटीत कोथिंबीर सुरुवातीपासून उकळायला टाकली तर जे तिचं होतं, तेच महागड्या शेंगेचं होतं.

यावर विश्वास ठेवण्यापेक्षा एकदा करून बघावं. २०० ग्रॅम लोणी आणि २०० ग्रॅम साखर फेटायची, चार अंडी एकेक करून घालायची, २०० ग्रॅम मैदा दीड चमचा बेकिंग पावडरसह चाळून मिसळायचा आणि तीन मोठे चमचे दूध घालायचं. या पिठाचे चार सारखे भाग करायचे. पहिल्यात काहीच घालायचं नाही. दुसऱ्यात अर्धा चमचा अर्क. तिसऱ्यात शेंगेच्या पाव तुकड्याचा खरवडलेला गर. चौथ्यात इसेन्सचे चार थेंब. चारही भांडी एकाच वेळी १७० अंशांवर भाजायची आणि कोणतं कोणाचं हे भांड्याच्या तळाला चिठ्ठी लावून झाकून ठेवायचं.

कच्चं पीठ हुंगलं तर चौघांत ठसठशीत फरक कळतो. अर्काच्या पिठाला आधी अल्कोहोलचा झणका येतो, शेंगेच्या पिठाला लाकूड आणि मनुकांचा, इसेन्सच्या पिठाला गोळ्या-बिस्किटांचा. केक गार झाल्यावर चिठ्ठ्या न बघता घरातल्यांना खायला दिले की पहिला, व्हॅनिला नसलेला, बहुतेकांना ओळखू येतो. त्याला अंड्याचा वास येतो आणि साखर सारखीच असूनही तो कमी गोड लागतो. व्हॅनिलाची गोडाशी आपल्या मनात इतकी घट्ट सांगड आहे की त्याचा वास आला की जीभ साखर जास्त मोजते. उरलेले तीन मात्र लोक अडखळत, अंदाजानं ओळखतात. शेंगेचा केक ओळखला जातो तो बहुधा काळ्या ठिपक्यांवरून. खाणाऱ्याचे डोळे बांधले तर तीही खूण जाते. दुसऱ्या दिवशी तिन्ही केक आणखी जवळ आलेले वाटतात, कारण रात्रभरात वास लोण्यात मुरतो आणि टोकं बोथट होतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की बटर केक, कपकेक, मफिन यांच्या पिठात शेंग घालू नये. चांगला अर्क असेल तर तो घालावा, नसेल तर इसेन्स बेतानं घालावा आणि त्यात कमीपणा मानू नये. बिस्किटांच्या बाबतीत तर हे आणखी खरं आहे. बिस्किट पातळ असतं, त्यातलं पाणी जवळजवळ सगळं निघून जातं आणि ते आरपार केकच्या पोटापेक्षा जास्त तापतं. तिथं शेंगेच्या हलक्या छटा टिकण्याची आशाच नको. नानखटाईत आपण वेलची आणि जायफळ घालतो. कोणाला व्हॅनिलाची नानखटाई करायची असेल तर इसेन्स तुपात मिसळून घ्यावा, म्हणजे तो पिठात सारखा पसरतो आणि तुपात धरून राहतो.

याच्या अगदी उलट गोष्ट कस्टर्डची. इथं मी खरं, दूध-अंड्याचं कस्टर्ड म्हणते आहे, पुड्यातलं नाही. पुड्यातल्या पावडरीत स्वाद आधीच घातलेला असतो, त्यात शेंग वाया जाते. अर्धा लिटर दुधाला एक शेंग घ्यावी. ती उभी चिरून गर सुरीच्या बोथट बाजूनं खरवडावा आणि गर आणि साल दोन्ही थंड दुधातच टाकावं. दूध हळूहळू तापवावं. कडेला बारीक बुडबुडे आले आणि वाफ निघू लागली की गॅस बंद करावा, उकळी येऊ देऊ नये. लगेच घट्ट झाकण ठेवून अर्धा तास तसंच राहू द्यावं. झाकण महत्त्वाचं, कारण वाफेबरोबर वर गेलेला वास झाकणाला लागून थेंबांनी परत दुधात पडतो. वेळ असेल तर दूध गार करून शेंगेसकट रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं. उष्णतेनं जे अर्ध्या तासात उतरतं त्याहून जास्त आणि हळुवार असं काही या रात्रीत उतरतं. सायीच्या दुधात स्वाद चांगला उतरतो, कारण व्हॅनिलाच्या गंधद्रव्यांना स्निग्ध पदार्थ मानवतो. दुसऱ्या दिवशी साल काढून घ्यावं, चार पिवळे बलक आणि ८० ग्रॅम साखर फेटून त्यात कोमट दूध ओतावं आणि मंद आचेवर ढवळत ८२-८३ अंशांपर्यंत, म्हणजे चमच्याच्या पाठीला थर धरेपर्यंत, शिजवावं. हे कस्टर्ड थंड करून इसेन्सच्या कस्टर्डशेजारी ठेवलं की कोणालाही चिठ्ठीची गरज पडत नाही. इसेन्सची चव जिभेवर येते आणि संपते. शेंगेची आधी दुधाळ, मग थोडी धुरकट, मग मनुकांच्या बाजूला जाते आणि घास गिळल्यावरही राहते.

कस्टर्डमध्ये अर्क घालायचा असेल तर तो शिजवताना घालू नये. कस्टर्ड गाळून, हाताला सोसवेल इतकं निवल्यावर घालावा. उकळत्या पदार्थात अर्क ओतताना जो भपकन वास येतो, तो खाणाऱ्याच्या वाट्याचा वास आपण स्वयंपाकघरात उधळलेला असतो. उलट थंड क्रीममध्ये किंवा बटरक्रीममध्ये अर्क जास्त झाला तर अल्कोहोलची तिखट चव राहते, कारण ती घालवायला उष्णताच नसते. तिथं शेंगेचा गर किंवा व्हॅनिलाची साखर अर्कापेक्षा चांगली. ती साखर करायला वेगळा खर्च नाही. कस्टर्डमधून काढलेलं साल धुवावं, पूर्ण वाळवावं आणि पाव किलो साखरेच्या बरणीत खुपसून ठेवावं. ओलं राहिलं तर साखरेचे गोळे होतात. पंधरा दिवसांनी साखरेला वास लागतो.

आता मापाकडे वळू, कारण केक बिघडतात ते बहुतेक इथंच. आपल्या घरात इसेन्स झाकणानं मोजतात. ‘एक झाकण घाल’ ही सूचना आईकडून मुलीकडे गेली, पण त्या वेळची बाटली गेली नाही. झाकणं लहानमोठी असतात आणि इसेन्सची तीव्रता कंपनीगणिक वेगळी असते. अर्कासारखं त्याचं ठरलेलं माप नाही. नवी बाटली आणली की झाकणानं पाणी भरून चमच्यात ओतून बघावं, किती झाकणांत चमचा भरतो ते कळतं. पहिल्या वेळी बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मं घालावं. थेंबांनी मोजायचं तर साधारण वीस थेंबांचा एक मिली.

जास्त झालेला व्हॅनिला जास्त चांगला लागत नाही. व्हॅनिलिन ठरावीक प्रमाणापुढे गेलं की कडवट लागतं, घशात किंचित खवखवतं. एथिल व्हॅनिलिन जास्त झालं तर औषधाच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यासारखा वास येतो. करणाऱ्याला हे लवकर कळत नाही, कारण पाच मिनिटं बाटलीशेजारी उभं राहिलं की नाकाला त्या वासाची सवय होते आणि तो कमीच वाटू लागतो. मग अजून दोन थेंब पडतात. पीठ हुंगून माप ठरवू नये. शंका आलीच तर खोलीबाहेर जाऊन यावं, किंवा आत्ताच आलेल्या माणसाला विचारावं.

तोच अर्धा चमचा एका केकमध्ये भडक आणि दुसऱ्यात फिका का लागतो, याचं कारण लोण्यात आहे. स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतो आणि तोंडात हळूहळू सोडतो. लोणी नसलेल्या, नुसत्या फेटलेल्या अंड्यांच्या स्पंजमध्ये धरून ठेवणारं फारसं कोणी नसतं, त्यामुळे सगळा वास एकदम अंगावर येतो. तिथं माप कमी करावं. दूध, अंडी यांतली प्रथिनंही व्हॅनिलिन धरतात, म्हणून दाट दुधाचे पदार्थ थोडं जास्त मागतात. थंडपणा हे तिसरं कारण: गार पदार्थातून वास कमी उडतो. आइस्क्रीमचं मिश्रण गोठवण्याआधी चाखताना व्हॅनिला किंचित जास्त वाटला तर गोठल्यावर तो बरोबर लागतो; आधी बरोबर वाटला तर गोठल्यावर फिका. कंडेन्स्ड मिल्क आणि दही घातलेल्या बिनअंड्याच्या केकमध्ये अंड्याचा वास झाकायचं काम व्हॅनिलाला नसतंच. तिथं अंड्याच्या केकचं माप तसंच उचललं तर तो दह्याच्या आंबटपणाबरोबर बोचरा लागतो; निम्म्यापासून सुरुवात करावी.

आणि केकमध्येच शेंगेची चव हवी असेल, तर ती पिठाबाहेर ठेवावी. १०० मिली पाण्यात ७५ ग्रॅम साखर विरघळवून गॅस बंद करावा, त्यात अर्ध्या शेंगेचा गर आणि साल टाकून झाकून ठेवावं. केक बाहेर काढून दहा मिनिटं झाली की तो काडीनं टोचून हा कोमट पाक ब्रशनं, सावकाश, वरून आणि कडेनं मुरवावा. अर्धा किलोच्या केकला ६० ते ७० मिली पुरतो; त्याहून जास्त घातला तर तळ ओला राहतो आणि कापताना तुटतो. पिठात मात्र इसेन्सचे थेंब किंवा चमचाभर अर्क असू द्यावा, म्हणजे अंड्याचा वास झाकला जातो आणि पाकातल्या शेंगेला खाली आधार मिळतो. उरलेला पाक बाटलीत भरून फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. कॉफीत आणि फळांच्या तुकड्यांवर तो छान लागतो.